पंधराच्या पाठीवर सोळा

शाळेत असताना वहीतलं पान फाडायची वेळ आली की आई एकच सांगायची, "मधलं काढ." सुरुवातीचं पान ओढून फाडलं, की त्याचं शेवटाकडचं जोडीदार पान सैल व्हायचं आणि दोन दिवसांनी दप्तराच्या तळाशी सापडायचं. मधल्या पिना वर करून जोडपान अलगद काढलं, तर वहीला कळायचंही नाही. वार्षिक परीक्षा संपली की आई आमच्या सगळ्या वह्यांतली कोरी जोडपानं अशीच सोडवून घ्यायची, एकात एक घालायची आणि दाभणाने भोकं पाडून गोधडीच्या दोऱ्याने शिवायची. जूनमध्ये त्यातली एक वही कच्च्या कामाला मिळायची, एक तिच्याकडे राहायची. तिच्याकडच्या त्या वहीत फराळ लिहिलेला आहे.

गेल्या वर्षी तिला पंच्याहत्तर पूर्ण झाली, तेव्हा त्या वहीची छोटी पुस्तिका करून घरच्यांना वाटायची असं मी ठरवलं. चाळीस प्रती. मजकूर टाइप केला, पीडीएफ केली. घरचा प्रिंटर पाठपोट छापतो. ए-फोर कागद, मधोमध घडी, एकूण आठ कागद. तासाभराचं काम वाटलं होतं. त्यात दोन रविवार गेले, आणि त्या दोन रविवारांत जे कळलं ते नीट लिहून ठेवावं असं वाटलं, कारण शाळेची स्मरणिका असो, भजनी मंडळाचा संग्रह असो की कोणाच्या कवितांची पुस्तिका, घरी छापणारा प्रत्येक जण याच जागी अडतो.

आधी हिशेब. ए-फोर कागद मधोमध दुमडला की त्याची दोन पानं होतात आणि पाठपोट धरून चार बाजू. आपण रोजच्या बोलण्यात बाजूलाही पानच म्हणतो, इथेही तसंच म्हणते. म्हणजे घडीच्या पुस्तिकेत पानं नेहमी चारच्या पटीत: आठ, बारा, बत्तीस. तीस पानांची पुस्तिका कागदाला माहीतच नाही. पीडीएफमध्ये तीस असली, तर दोन कोरी कुठेतरी येणारच. ती कुठे यावीत हे आपण सांगितलं नाही, तर सॉफ्टवेअर ती शेवटी टाकून मोकळं होतं. माझं पहिलं चुकलं ते इथेच. पण त्याआधी पानांची जोडी कशी जुळते ते सांगते.

समजायला अवघड वाटलं तर दोन कोरे कागद घ्यावेत, एकात एक घालून दुमडावेत आणि पेनाने एक ते आठ आकडे घालावेत. मग घडी उलगडून कागद टेबलावर पसरावेत. बाहेरच्या कागदाच्या एका अंगाला डावीकडे ८ आणि उजवीकडे १ दिसतो, त्याच्या पाठीला २ आणि ७. आतल्या कागदावर ६ आणि ३, पाठीला ४ आणि ५. कुठलीही जोडी घ्या, बेरीज नऊ. बत्तीस पानांच्या पुस्तिकेत हीच बेरीज तेहतीस होते. पहिल्या कागदावर ३२ आणि १, पाठीला २ आणि ३१. दुसऱ्यावर ३० आणि ३, पाठीला ४ आणि २९. असं करत आठव्या, सगळ्यात आतल्या कागदावर १८ आणि १५, पाठीला १६ आणि १७. वहीतलं पहिलं पान फाडल्यावर शेवटचं का गळतं, ते या बेरजेत आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. आपल्याकडे पाठच्या भावंडाला 'पाठीवरचा' म्हणतात. पुस्तिकेत प्रत्येक विषम पानाच्या पाठीवर त्याच्या पुढचं पान असतं: पंधराच्या पाठीवर सोळा, एकाच्या पाठीवर दोन. छापलेला कागद उजेडासमोर धरून एवढंच बघायचं. बाकी सगळ्या तपासण्या यात येतात.

पहिल्या रविवारी मी आठवा कागद असा उजेडासमोर धरला, तेव्हा पंधराच्या पाठीवर सोळा नव्हतंच. तिथे सतरा होतं, आणि तेही उलटं, डोकं खाली. एका बाजूला चिरोटे सरळ, आणि पाठीमागून चकली पाय वर करून दिसत होती. पानांचा क्रम सॉफ्टवेअरने बरोबर लावला होता. चुकलं होतं ते प्रिंटरने कागद उलटला त्यात.

पाठपोट छापताना प्रिंटर विचारतो की कागद कुठल्या कडेवर उलटायचा. पडद्यावर ते `Flip on long edge` आणि `Flip on short edge` असं दिसतं. न सांगता तो लांब कड धरतो, कारण उभं पत्र किंवा अर्ज छापताना तेच बरोबर असतं. घडीच्या पुस्तिकेत मात्र कागद आडवा असतो, आणि आडव्या कागदाची लांब कड ही वरची-खालची कड. म्हणजे कागद पोथीच्या पानासारखा उलटतो. देवघरातली पोथी आठवा: लांबट आडवं पान, खालच्या कडेला धरून वर उचलायचं आणि पलीकडे पालथं घालायचं. पोथीला ते शोभतं, कारण तिला शिवण नाही, पान वरच उलटायचं असतं. आपली पुस्तिका उघडी ठेवली की पोथीसारखी आडवी दिसते, पण ती उलटते पुस्तकासारखी, बाजूने. म्हणून तिला आखूड कड हवी. `Flip on short edge`. एवढी एक खूण बदलल्यावर तोच कागद पुन्हा छापला, आणि पंधराच्या पाठीवर सोळा सरळ उभं राहिलं.

लांब कडेची चूक ओळखायची खूण म्हणजे उलटं अक्षर. आणि उलटं अक्षर दिसलं की पाठची दोन पानंही आपोआप अदलाबदल झालेली असतात, त्यामुळे क्रमही चुकला असं वाटतं. मी अर्धा दिवस क्रम दुरुस्त करण्यात घालवला, जो मुळात बरोबरच होता. पाठीवरचं अक्षर सरळ असेल आणि तरी आकडा चुकत असेल, तरच क्रमाकडे वळावं. काही प्रिंटर आडवी पानं स्वतःच फिरवून घेतात आणि त्यांच्यात या दोन खुणांचा अर्थ उलटा लागतो, म्हणून नावावर विसंबू नये. एक कागद छापून बघावा.

अॅडोबी रीडरमध्ये हे करायचं तर छपाईच्या खिडकीत `Booklet` निवडायचं, `Booklet subset` मध्ये `Both sides`, `Binding` मध्ये `Left`. मराठी डावीकडून उजवीकडे, म्हणून शिवण डावीकडे. `Right` राहिलं तर पुस्तिका उर्दू पुस्तकासारखी उघडेल. मग प्रिंटरच्या `Properties` मध्ये जाऊन पाठपोट आणि आखूड कड. इथे एक सापळा आहे. पुष्कळ प्रिंटरांच्या स्वतःच्या खिडकीतही `Booklet` नावाची सोय असते. दोन्हीकडे ती चालू केली, तर लावलेली पानं पुन्हा लावली जातात: एका बाजूला दोनाऐवजी चार बारीक पानं येतात, आणि त्यांच्या क्रमाला काही ताळ उरत नाही. मी पानं लावून तयार केलेली पीडीएफ एका झेरॉक्सच्या दुकानात नेली, तेव्हा तिथल्या मुलाने 'बुकलेट' हा शब्द ऐकून मशीनवरही बुकलेट लावलं, आणि नेमकं हेच झालं. पानं लावलेली फाइल दुसऱ्याच्या हातात देताना शब्द वापरायचे ते असे: "आडवं, पाठपोट, आखूड कडेवर, मूळ मापात. बाकी काही नको."

आता त्या दोन कोऱ्या पानांकडे येते. माझी तीस पानं अशी होती: मुखपृष्ठ, आईचं मनोगत, तेरा पदार्थ प्रत्येकी दोन पानांत, शेवटी वाटी-चमच्याच्या मापांचं एक पान, आणि मलपृष्ठ. पदार्थ दोन पानांत लावण्यामागे कारण होतं. डाव्या पानावर साहित्य, उजव्यावर कृती. पीठ मळताना हात भरलेले असतात, तेव्हा पान उलटायला लागता कामा नये. समोरासमोरची दोन पानं म्हणजे आधी सम, मग विषम: चार-पाच, सहा-सात. म्हणून प्रत्येक पदार्थ सम पानावर सुरू व्हायला हवा.

कोरी पानं सॉफ्टवेअरवर सोडली तेव्हा काय झालं बघा. मुखपृष्ठ एकवर, ते ठीक. मनोगत दोनवर, म्हणजे मुखपृष्ठाच्या पाठीला. पहिला पदार्थ तीनवर, म्हणजे उजवीकडे, आणि त्याची कृती पान उलटल्यावर. तेराही पदार्थ एका पानाने सरकले. मलपृष्ठ तिसाव्या पानावर, आत. पुस्तिका मिटल्यावर पाठीला दिसतं ते कोरं. क्रम एकाहून एक बरोबर, आकडे सलग, आणि तरी पुस्तिका स्वयंपाकघरात निरुपयोगी.

उपाय सोपा होता. एक कोरं पान मुखपृष्ठानंतर, एक मलपृष्ठाच्या आधी. म्हणजे दोन आणि एकतीस. मनोगत तीनवर गेलं, पदार्थ चारपासून एकोणतीसपर्यंत सम पानांवर बसले, मापं तीसवर, मलपृष्ठ बत्तीसवर. आणि कागदावर बघितलं तर २ आणि ३१ ही एकाच कागदाची एकच बाजू. म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कागदाची आतली बाजू पूर्ण कोरी. याचा फायदा मोठा. बाहेरचा कागद एकाच बाजूने छापायचा असल्यामुळे तो जाड घेता आला. जाड कार्डशीट पाठपोट छापायला घातली की घरगुती प्रिंटरच्या पोटात वळणावर अडकते. एका बाजूने, मागच्या सरळ खाचेतून ती सहज जाते.

हे सगळं मी शेवटी लिनक्सवर केलं, कारण तिथे कोरं पान कुठे हवं ते सरळ सांगता येतं. महिरपी कंसांची रिकामी जोडी म्हणजे कोरं पान:

```
pdfjam faral.pdf '1,{},2-29,{},30' --landscape --booklet true --a4paper --outfile pustika.pdf
```

यातून सोळा आडव्या पानांची नवी पीडीएफ मिळते. तिचं पहिलं पान म्हणजे वेष्टणाची बाहेरची बाजू, ३२ आणि १. दुसरं कोरं. तिसऱ्यापासून सोळाव्यापर्यंत आतले सात कागद, ते असे छापले:

```
lp -P 3-16 -o sides=two-sided-short-edge pustika.pdf
```

हे हाताशी नसेल तर जिथे मजकूर टाइप केला तिथेच ती दोन कोरी पानं घालून मग पीडीएफ करावी. फळ तेच.

अक्षराबद्दल एक सांगायलाच हवं. पहिली पीडीएफ मी सवयीने ए-फोरवर केली होती, बारा पॉइंटात. ए-फोर पान अर्ध्या कागदावर बसवलं की लांबी-रुंदी साधारण सत्तर टक्के होते आणि बाराचे साडेआठ पॉइंट होतात. इंग्रजी मजकूर त्यात तग धरतो. देवनागरीत अनुस्वार रेफाला चिकटतो, 'ष्ट' आणि 'ष्ठ' सारखे दिसतात, 'पाऊण' वाचताना डोळे बारीक करावे लागतात. आईने पहिली नमुना प्रत हातात घेतली, चष्मा वर केला, परत खाली केला, आणि म्हणाली, "अगं, हे माझंच आहे म्हणून मला वाचता येतंय." मग मी मुळातलं पानच ए-फाइव्ह केलं, अक्षर तेरा पॉइंट, चारी बाजूंना दीड सेंटिमीटर समास. दोन ए-फाइव्ह शेजारी ठेवले की एक ए-फोर होतो, त्यामुळे छापताना काही लहान करावं लागत नाही आणि पडद्यावर दिसतं त्याच मापाचं अक्षर कागदावर येतं. मजकूर थोडा कापावा लागला, पण आईच्या कृती मुळात आटोपशीर आहेत.

एक मोह मात्र टाळता आला नाही. आईच्या मूळ वहीतलं चकलीच्या भाजणीचं जोडपान, हळदीच्या डागासकट, मला स्कॅन करून तसंच्या तसं छापायचं होतं, दोन पानांवर पसरून. समोरासमोरची पानं बहुतेक वेळा वेगवेगळ्या कागदांवर असतात: चौदा सातव्या कागदावर, पंधरा आठव्यावर. प्रिंटर प्रत्येक कागद ओढताना मिलिमीटरभर इकडेतिकडे करतोच, त्यामुळे घडीवर ओळ तुटते, डावा भाग उजव्याशी जुळत नाही. एकच जागा अशी आहे जिथे समोरासमोरची दोन पानं एकाच कागदाच्या एकाच बाजूला असतात: अगदी मध्य, सोळा आणि सतरा. म्हणून चकली सातव्या क्रमांकावर घेतली, चारपासून मोजलं की सातवा पदार्थ बरोबर तिथे येतो. आईने विचारलं, करंजी आधी का नाही. कारण सांगितल्यावर तिला लगेच पटलं. "मधलं पान," ती म्हणाली, आणि हाताने पिना वर करायची खूण केली.

चाळीस प्रतींचे आतले कागद दोनशे ऐंशी. प्रती एकदम सोडताना `Collate` लावलेलं हवं, नाहीतर आधी दुसऱ्या कागदाच्या चाळीस, मग तिसऱ्याच्या चाळीस असे गठ्ठे पडतात आणि जेवणाचं टेबल रिकामं करून जुळवत बसावं लागतं. आपोआप पाठपोट छापणाऱ्या प्रिंटरचं एक बरं असतं, की मध्येच कागद अडकला तर फक्त तोच वाया जातो. आधी सगळ्या एका बाजूला आणि मग गठ्ठा उलटून दुसऱ्या बाजूला असं छापताना दोन कागद एकदम ओढले गेले, तर तिथून पुढच्या सगळ्या पाठी एका घराने सरकतात, आणि ते शेवटीच कळतं. प्रिंटर तसाच असेल तर पाच-पाच प्रतींच्या वर एकदम जाऊ नये.

घडी घालताना एकेक कागद दुमडू नये. आठही कागद एकात एक नीट लावून, टेबलावर दोनदा ठोकून कडा सारख्या कराव्यात आणि एकदम दुमडावेत. मग चमच्याच्या पाठीने घडीवरून दाबत जावं. झेरॉक्सच्या साध्या ए-फोर कागदाचे धागे बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतात आणि आपली घडी त्यांना आडवी पडते, म्हणून ती थोडी फुगलेली राहते. रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवली की बसते. आतला कागद बाहेरच्याच्या पोटात असल्याने तो उघड्या कडेला मिलिमीटरभर पुढे येतो. ते छपाईचं नव्हे, जाडीचं काम आहे. दुकानात कटिंग मशीनवर ती कड सारखी करून मिळते, पण म्हणूनच बाहेरचा समास उदार ठेवावा, नाहीतर मधल्या पानांचे आकडे कापले जातात.

साधा स्टेपलर कागदाच्या मध्यापर्यंत पोचत नाही. लांब हाताचा मिळतो, मी शोधलाही होता. पण आई दाभण घेऊन बसली. मधोमध एक भोक, वरून आणि खालून साधारण साडेतीन सेंटिमीटरवर एकेक. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मग मधलं ओलांडून थेट खालच्यातून बाहेर, आणि परत मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना येतात, त्यांची त्या टाक्यावरूनच गाठ. एक प्रत तीन-चार मिनिटांत. चाळीस प्रतींना तीन दुपार लागल्या, कारण मध्ये तिला वाचत बसायची हुक्की यायची.

बाराव्या की तेराव्या प्रतीला तिने एकतिसावं पान उघडून विचारलं, "हे कोरं मुद्दाम ठेवलंयस ना?" मी चारची पट, बेरीज, बाहेरचा जाड कागद, सगळं सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं. मग पेन मागितलं आणि त्या पानावर लिहिलं: "गोडे शंकरपाळे. मैदा चार वाट्या, दूध एक, साखर एक, तूप एक. मीठ चिमूटभर. हे टाइप करताना राहिलं." पहिल्या बारा प्रती शिवून बाजूला ठेवल्या होत्या. त्याही तिने ओढून घेतल्या.